चार लिटर आणि उजवा गोल

चार नंबरच्या गाडीचा तिसरा पंप गेला तो बुधवारी, भर सकाळी, नर्सबाई स्टिअरिंगवर असताना. गाडीने दोन आचके दिले, तिसऱ्याला मान टाकली आणि सरावाच्या आवारात, जमिनीवर रंगवलेल्या पांढऱ्या बाणांच्या मधोमध ती उभी राहिली. नर्सबाईंनी दोन्ही हात वर केले.

"मी काही केलं नाही हं!"

"क्लच," शेजारच्या, शिकवणाऱ्याच्या सीटवरून धाकटी म्हणाली. हा शब्द तिच्या तोंडून दिवसातून चाळीस वेळा बाहेर पडत असे. त्यासाठी विचार करावा लागत नसे.

मग तिने स्वतः किल्ली फिरवली. एरवी किल्ली फिरवली की मागच्या सीटखालून दोन सेकंद बारीक गुणगुण ऐकू येई: टाकीतला पंप पेट्रोल पुढे ढकलू लागल्याची खूण. आज मागे चिडीचूप होते. इंजिन बंद पडणे हा शिकणाऱ्याचा दोष होता. पंप जळणे हा मात्र, या ड्रायव्हिंग स्कूलच्या रिवाजाप्रमाणे, तिचा दोष होता.

स्कूल तिच्या थोरल्या बहिणीचे. ताईकडे सहा गाड्या, एक काचेची केबिन आणि पंचवीस वर्षांत एकदाही इंजिन बंद न पाडल्याचा लौकिक. धाकटी सहा वर्षे एका शाळेच्या प्रयोगशाळेत होती. तिथून ताईने तिला इकडे ओढून आणले आणि चार नंबरची गाडी तिच्या हवाली केली. या गाडीवर फक्त घाबरट बॅच शिकत असे: स्टिअरिंगला हात लावताच ज्यांचे खांदे कानांपर्यंत चढतात अशी माणसे. असे खांदे नवव्या किंवा दहाव्या दिवशी आपोआप खाली येतात. तो क्षण बघण्यासाठी धाकटी जगातली कुठलीही नोकरी सोडायला तयार होती, आणि एक तर सोडूनच आली होती.

"चौदा महिन्यांत तीन पंप," ताई म्हणाली. "बाकीच्या पाच गाड्यांत मिळून एक नाही. पंप त्याच कंपनीचे, पेट्रोल त्याच नळीचं. वेगळी काय ती तू."

"आणि माझी बॅच."

"बॅच दर महिन्याला बदलते. तू बदलत नाहीस. सोमवारपासून तू फोनवर बैस, नवीन मास्तर गाडी घेईल."

"ताई, फोनवर मी लोकांना काय शिकवू?"

"'नमस्कार' म्हणायला शिक आधी. मागच्या वेळी 'बोला' म्हणून खेकसली होतीस."

"पंप का जळतात ते सोमवारच्या आत सांगितलं तर?"

"सांग की." ताईने चष्मा कपाळावर सरकवला. "पण नशीब, नजर, नक्षत्र असलं काही ऐकणार नाही."

"ते मी कधी सांगितलंय?"

"तू नाही. डॉक्टर सांगतात."

डॉक्टर म्हणजे स्कूलचे मेकॅनिक. लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून ते निदान करत, म्हणून हे नाव. गुरुवारी त्यांनी मागची सीट उचलली, उजव्या बाजूच्या गोल झाकणाचे स्क्रू काढले आणि जळका पंप बाहेर घेतला. मुठीएवढ्या जाडीची ही वस्तू पेट्रोलमध्येच बुडून राहते आणि पेट्रोलनेच गार होते. पेट्रोल तिच्या पोटातूनच वाहते, तेच तिचे वंगण आणि तेच तिचे कूलिंग.

"पाणी," डॉक्टरांनी बघण्याआधीच निदान केले. "रिकामी टाकी श्वास घेते, मास्तरीणबाई. दिवसा तापली की हवा सोडते, गारव्याला ओढते. त्या हवेतली वाफ पत्र्याला चिकटते, थेंब होतात, तळाशी बसतात. मोठ्या बाई गाडीत चार लिटरच्या वर पेट्रोल ठेवू देत नाहीत. टाकी चाळीसची. म्हणजे छत्तीस लिटर नुसती हवा!"

चार लिटरचा नियम ताईचा होता. सकाळी चार, दुपारी चार. हलकी गाडी कमी पिते हे एक कारण, आणि भरल्या टाकीची गाडी मास्तरांना घरच्या कामांची आठवण करून देते हे दुसरे. पेट्रोल कमी असल्याचा पिवळा दिवा त्यामुळे कायम जळत असे. शिकणारे त्याला घाबरत, म्हणून त्यावर काळी चिकटपट्टी लावली होती.

"डॉक्टर, फोडा तो," धाकटी म्हणाली.

करवतीने पंपाचे कवच उभे चिरले. आत गंजाचा कण नव्हता. कार्बनचे दोन्ही ब्रश झिजून नखाएवढे उरले होते, फिरत्या भागाचा बुश एका बाजूने खाल्ला गेला होता आणि तांब्याच्या पट्ट्या काळ्याठिक्कर पडल्या होत्या.

"गंज कुठाय?"

"असतो कधी कधी लपलेला."

"लपलेला गंज मी मोजणार कसा?" तिने एका पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. "तीस डिग्रीची, पूर्ण दमट हवा धरा. एका घनमीटरमध्ये तीस ग्रॅम वाफ. छत्तीस लिटरमध्ये जेमतेम एक ग्रॅम. सगळीच्या सगळी थिजली तरी वीस थेंब. आणि रोज सगळी हवा बदलत नाही. तापमान पंधरा डिग्रीने वरखाली झालं तर विसावा हिस्सा आतबाहेर होईल. त्यात पेट्रोल भरायच्या झाकणाला झडप आहे, हवा सहज आत जात नाही. टाकी प्लास्टिकची आहे, पत्र्याची नाही. आणि हल्लीच्या पेट्रोलमध्ये अल्कोहोल असतं, ते एवढं पाणी स्वतःतच विरघळवून टाकतं."

डॉक्टरांचा चेहरा पडला. मग ते तिला शेडच्या मागे घेऊन गेले. तिथे पत्र्याच्या टाकीची एक जुनी व्हॅन दोन वर्षे उभी होती; टाकी पाव भरलेली, झाकणाचे रबर तडकलेले. त्यांनी तळाचा बोल्ट सैल करून काचेच्या बरणीत थोडे पेट्रोल काढले. बरणी स्थिर झाली तसे तळाशी तपकिरी पाण्याचे दोन चमचे वेगळे झाले; वर पेट्रोल, खाली पाणी, मधली रेघ आखल्यासारखी. पाण्यात गंजाचा गाळ.

"हेही लपलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"नाही," धाकटीने मान्य केले. "तडकलेलं रबर, पत्र्याची टाकी, दोन वर्षं. इथे तुमचं खरं आहे. चार नंबरमध्ये आरोपी दुसरा आहे."

आरोपी सापडला तो तिच्याच वहीत. प्रयोगशाळेची सवय म्हणून ती प्रत्येक शिकणाऱ्याचे इंजिन कधी बंद पडले, किती वाजता, आवारात कुठे, हे टिपून ठेवत असे. प्रगती त्यावरून कळे. त्या दुपारी तिने चौदा महिन्यांच्या नोंदी पहिल्यांदाच एकत्र वाचल्या. सुरुवातीच्या पाच मिनिटांत पुष्कळ वेळा बंद, ते स्वाभाविक. मग दहा मिनिटे जवळजवळ काहीच नाही. हात बसल्यावर तेही स्वाभाविक. आणि मग पंधराव्या मिनिटापासून विसाव्यापर्यंत पुन्हा दाटी. पाचव्या दिवशी तशीच, विसाव्या दिवशीही तशीच. ज्यांनी नंतर पहिल्या फटक्यात परीक्षा पास केली, त्यांच्याही नावापुढे. दर नोंदीशेजारी तिच्या सुबक अक्षरात एकच कारण लिहिलेले: क्लच.

तिने वही मिटली. ड्रायव्हिंग स्कूल ही जगातली एकमेव जागा असावी, जिथे आचके देणारी गाडी कुणी तपासत नाही. तिथे आचक्याला एक माणूस आधीच नेमून दिलेला असतो, आणि तो बिचारा कबूलही करतो.

पंधरा मिनिटांनंतर काय होत होते? गाडी गोल फिरत होती. घाबरट बॅचला स्टिअरिंग बसावे म्हणून सलग वीस मिनिटे, बाणांच्या दिशेने, नेहमी उजवीकडे. आवाराचे फाटक तसे होते, म्हणून बाण तसे होते. बाकीच्या पाच गाड्या रस्त्यावर जात.

शुक्रवारी तिने भंगारातून तशीच एक टाकी आणवली. डॉक्टरांनी ती धुऊन, वरचा भाग कापून, पाच नंबरच्या गाडीची मागची सीट काढून त्या जागी पट्ट्यांनी घट्ट बांधली. आत उजव्या बाजूला पंपाचे भांडे बसवले. हे भांडे म्हणजे टाकीच्या आतला एक पेला. टाकीत कितीही कमी पेट्रोल असले तरी पंपाच्याच एका झोताने तळाचे पेट्रोल ओढून घेऊन तो स्वतःला भरलेला ठेवतो, म्हणजे पंप बुडालेला राहतो. पेला अर्ध्या लिटरचा.

"पेट्रोल नको. निळं पाणी घालू," धाकटी म्हणाली. "चार लिटर. आणि पेला काठोकाठ. त्यातून इंजिन पिईल तेवढं पाणी सतत बाहेर गेलं पाहिजे. ताशी दोन लिटर."

"मिनिटाला तेहेतीस मिलिलिटर," फाटकाशी उभ्या नर्सबाई म्हणाल्या. त्या सरावाला आल्या होत्या आणि बिनगाडीच्या होत्या. "सलाइनचा सेट आणू? घरी आहे एक. चाक फिरवून धार बरोबर लावून देते."

"डॉक्टरांना नर्स मिळाली," धाकटी म्हणाली.

"चाळीस वर्षं डॉक्टरांची कामं मीच केली," नर्सबाई म्हणाल्या. "सही फक्त त्यांची."

त्यांनी नळी पेल्यात सोडली, दुसरे टोक खालच्या डब्यात, आणि मापाचा कप धरून दोन वेळा धार जुळवली. मग त्या स्टिअरिंगवर बसल्या, डॉक्टर शेजारी दुहेरी ब्रेकवर पाय ठेवून, आणि धाकटी मागे, टाकीशेजारी उकिडवी.

"दुसरा गिअर, दहाच्या वेगाने, बाण धरून," तिने सांगितले. "आणि आज काहीही झालं तरी मी क्लच म्हणणार नाही."

काय होणार ते तिला ठाऊक होते. कागदावर तिने ते सकाळीच काढले होते: सहा मीटर त्रिज्येचा गोल, ताशी दहा किलोमीटर, पाण्याचा पृष्ठभाग साडेसात अंशांनी कलणार, टाकीच्या पाऊण मीटर रुंदीत दहा सेंटीमीटरचा फरक. आकडे बरोबर होते. आकड्यांनी तिला तयार मात्र केले नव्हते.

गाडीने वळण घेतले आणि चार लिटर पाणी उठून डावीकडे गेले. थोडेसे हिंदकळले, एकदा मागे पुढे झाले, आणि मग थांबले. उतारावर थांबले. डाव्या भिंतीला टेकून, तिरक्या कापलेल्या निळ्या काचेच्या पाचरीसारखे, एकही लाट न उठवता उभे राहिले. गाडी फिरत होती, आवाराची भिंत, शेड, फाटक, झाडाचा बुंधा गरागरा मागे जात होते, आणि या सगळ्यात एकच गोष्ट निश्चल होती: पाण्याचा तो कललेला, आरशासारखा माथा. त्यात आकाशाचा तुकडा दिसत होता, तोही तिरका आणि तोही स्थिर. पाण्याच्या लेखी हेच सपाट होते. जमीन कुठल्या दिशेला आहे याविषयी त्याचे स्वतंत्र मत होते, आणि त्या क्षणी ते चुकीचे आहे असे सिद्ध करण्याचे कुठलेही साधन तिच्यापाशी नव्हते.

टाकीचा उजवा निम्मा भाग कोरडा पडला होता. पेल्याच्या पायाभोवती ओलावासुद्धा नव्हता. चार लिटर हाताच्या अंतरावर आणि पेला वाळवंटात. नर्सबाईंच्या धारेने त्याची पातळी मात्र बोटाबोटाने उतरत होती.

धाकटीने आयुष्यात शेकडो वेळा मुलांपुढे बादली फिरवली होती, पाणी सांडत नाही हे दाखवले होते. ते दाखवताना ती बादलीच्या बाहेर उभी असे. आज पहिल्यांदा ती आत होती. तिच्या अंगावर काटा आला. तिने घड्याळात बघून त्याचीही वेळ लिहिली, सवयीने.

"झालं का काही?" पुढून डॉक्टर ओरडले.

"चालवा. थांबू नका."

चौदा मिनिटे चाळीस सेकंदांनी पेला रिकामा झाला आणि नळीत बुडबुडा शिरला.

ताई केबिनमधून सगळे बघत होती. शनिवारी सकाळी ती स्वतः आवारात आली.

"पाणी जड, पेट्रोल हलकं," ती म्हणाली. "तुझं निळं पाणी मला काय सांगणार?"

"उतार वेगावर आणि गोलावर ठरतो, ताई. द्रव कुठला याच्यावर नाही. पारा घाल, दूध घाल, तोच उतार."

"आणि तुझ्या पेल्याला भरणारा झोत नव्हता. खऱ्या गाडीत आहे."

धाकटीला एकदम ताईचा अभिमान वाटला. हा आक्षेप बरोबर होता. "आहे. पण तो तळाशी असलेलं पेट्रोल उचलतो. तळ कोरडा असला तर काय उचलेल? पण हे तू माझं ऐकून मानू नकोस. चालव."

"मी?"

"तुझ्या पायाला कुणी क्लच म्हणणार नाही."

डॉक्टरांनी नवा पंप बसवला होता. टाकीत मोजून चार लिटर. ताईने सीट पुढे घेतली, आरसा पुसला, चपला काढून बाहेर ठेवल्या आणि गाडी अशी उचलली की धाकटीला सुटल्याचे कळलेसुद्धा नाही. बाणांवरून गोल सुरू झाला. चौदा सेकंदांना एक फेरी. ताईचा हात एकाच जागी, पाय जणू नाहीतच. दहा मिनिटे गेली. बारा. डॉक्टर शेडच्या दारात, नर्सबाई स्टुलावर. धाकटीच्या मनात शंका डोकावली की खरी टाकी भंगारातल्या टाकीसारखी वागली नाही तर. पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आत बसवलेले आडवे पडदे कदाचित पुरेसे असतील. मग सोमवार, फोन आणि "नमस्कार".

सोळाव्या मिनिटाला मागच्या सीटखालची गुणगुण बदलली. आधी ती बारीक होती. आता कर्कश झाली, घशात काही अडकलेल्या माणसासारखी. गाडीने आचका दिला. ताईच्या भुवया वर गेल्या. दुसरा आचका. आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, ताईच्या हातात, इंजिन बंद पडले.

धाकटीच्या ओठांवर तो शब्द आला होता. तिने तो गिळला.

ताई स्टिअरिंगकडे बघत राहिली. "क्लच मी सोडला नव्हता," ती हळूच म्हणाली.

"माहीत आहे."

"पाय पूर्ण वर होता. मला कळतं माझा पाय कुठे आहे ते."

"सगळे हेच म्हणत होते, ताई. चौदा महिने."

गाडी उभी राहिली तसे पेट्रोल परत पसरले असणार, कारण पुढच्या किल्लीला इंजिन निमूट चालू झाले. म्हणूनच आजवर कुणाला कळले नव्हते: चूक कबूल करायला माणूस तयार आणि पुरावा दहा सेकंदांत पुसलेला. बंद पडण्याआधी पंप मात्र कोरडा, गरम, वंगणाशिवाय फिरलेला. रोज चार-पाच वेळा.

नर्सबाई स्टुलावरून उठल्या नाहीत, पण मोठ्याने म्हणाल्या, "म्हणजे मागच्या मंगळवारचा तो क्लच नव्हता!"

"नव्हता, बाई," धाकटी म्हणाली. "माझी चूक. वहीत दुरुस्त करते."

ताईने गाडी बाणांच्या उलट, डावीकडे फिरवली. आता पेट्रोल उजवीकडे, पंपाच्या अंगावर कलत होते. अर्धा तास झाला, आचका नाही. मग डॉक्टर कॅन घेऊन आले, टाकी निम्म्याच्या वर भरली, आणि ताई पुन्हा उजवीकडे वळली. पुन्हा अर्धा तास. गुणगुण एका सुरात. चौथ्या प्रयोगाची गरज नव्हती, तरी ताईने तो केला. विश्वास बसायला तिला एक फेरी जास्त लागे, हा घराण्याचा गुण होता.

"पण भरलेली टाकी जास्त पिणार," उतरताना ती म्हणाली. हा शेवटचा बुरूज होता.

"छत्तीस लिटर म्हणजे सत्तावीस किलो. हजार किलोच्या गाडीत. फार तर एखादा टक्का, तोही गर्दीच्या रस्त्यावर. गोल फिरताना मला मोजताही येणार नाही. नर्सबाईंच्या जागी त्यांचे यजमान बसले तर त्याहून जास्त फरक पडतो."

"त्यांना मध्ये आणू नका," नर्सबाई म्हणाल्या. "ते बसले तर पंप नाही, स्प्रिंगच बदलावी लागेल."

"आणि," धाकटी थांबली नाही, "तुझे चार-चार लिटर आणायला गाडी रोज दोन वेळा पेट्रोल पंपावर जाते. जाऊन-येऊन आठ किलोमीटर. आठ लिटरमधलं अर्धा लिटर पेट्रोल, पेट्रोल आणण्यातच जातं."

चपला पायात सरकवून ताई केबिनकडे चालू लागली. दारापाशी वळून म्हणाली, "निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही. अर्धा वेळ उजवीकडे, अर्धा वेळ डावीकडे. बाण पुसून घे."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी साडेसहाला ये. नवीन मास्तर फोनवर बसेल. तो तरी नमस्कार म्हणतो."

धाकटी चार नंबरमध्ये बसली आणि टाकी भरायला निघाली.

"पंपाची नळी आपोआप कट झाली की थांबवायची!" मागून डॉक्टर ओरडले. "गळ्यापर्यंत कोंबायची नाही, वाफ शोषणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरतं!"

चौकातल्या वर्तुळाला तिने वळसा घेतला. पुढे बस होती, बाजूला दुधाचा टेम्पो, मागे दोन स्कूटर, पलीकडे पाण्याचा टँकर. सगळे एकामागोमाग, एकाच संथ वेगाने वळत होते. तिने पाय हलका केला. बसच्या डिझेलमध्ये, स्कूटरच्या मुठीएवढ्या पेट्रोलमध्ये, कॅनमधल्या दुधात, टँकरमधल्या हजारो लिटरमध्ये, भरलेल्या आणि रिकाम्या, कुणी कधी न पाहिलेल्या त्या अंधाऱ्या पोटांत द्रवाचा माथा या क्षणी कललेला होता. एकाच बाजूला, आणि ज्यांचा वेग आणि वर्तुळ सारखे त्यांचा एकाच अंशाने. कुणी कुणाला विचारले नव्हते. ती वर्तुळातून बाहेर पडायची गल्ली चुकली, आणि तशीच आणखी एक फेरी फिरली.